मंडे मॉर्निंग, ट्रायग्लिसराइड्स ११८०!

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमधला हा एक आकडा तुमच्या वीकएण्डची चुगली करतो. पण म्हणून तो खोटा ठरत नाही. उपाशीपोट, पेग आणि साखर हे तिघं मिळून त्याला कसं नाचवतात, त्याची ही गोष्ट.

वर्षातून एकदा एचआरचा मेल येतो. सोमवारी सकाळी साडेआठला कॅफेटेरियाशेजारच्या ट्रेनिंग रूममध्ये ब्लड कलेक्शन, कृपया उपाशीपोटी यावे. सगळे जांभया देत रांगेत उभे राहतात, बाही वर करतात, कापसाचा बोळा दाबत थेट चहाच्या मशीनकडे पळतात. तीन दिवसांनी रिपोर्ट मेलवर येतो आणि मग डेस्काडेस्कांवरून एकच प्रश्न फिरतो, ‘तुझं कोलेस्टेरॉल किती आलं रे?’

ट्रायग्लिसराइड्स किती आले, हे मात्र कुणी विचारत नाही. नाव लांबलचक आणि घरात आईबाबांच्या तोंडी न आलेलं. पण लिपिड प्रोफाइलमध्ये सगळ्यात जास्त उड्या मारणारा आकडा हाच. कोलेस्टेरॉल आठवड्याभरात फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड्स मात्र एका वीकएण्डमध्ये दुप्पट होऊ शकतात आणि काही दिवसांत निम्म्यावरही येऊ शकतात. त्यामुळे हा रिपोर्ट वाचताना दोन टोकाच्या चुका होतात. एक तर माणूस घाबरून गुगलवर रात्र काढतो, नाहीतर ‘अरे, पार्टी झाली होती ना, म्हणून आलंय’ म्हणत फाइल बंद करतो. दुसरी चूक जास्त महागात पडते.

एक सोमवार, एक रिपोर्ट

एक प्रातिनिधिक केस घेऊ. वय ३२, हिंजवडीत नोकरी, उंचीच्या मानाने दहा-बारा किलो वजन जास्त, आणि ते सगळं पोटावर. वडिलांना डायबेटिस. स्वतःला काहीही त्रास नाही.

शनिवारी रात्री मित्राकडे ६५० मिलीच्या दोन स्ट्राँग बिअर, तंदुरी आणि बिर्याणी. रविवारी दुपारी मटण थाळी, वर गुलाबजाम. रविवारी रात्री मॅच बघताना दोन लार्ज पेग, कोल्ड्रिंक घालून, सोबत फ्राइज. शेवटचा घास साडेअकराला. सोमवारी साडेआठला रक्त दिलं. म्हणजे उपास झाला नऊ तासांचा.

रिपोर्ट आला : ट्रायग्लिसराइड्स ११८०, एकूण कोलेस्टेरॉल २६२, एचडीएल ३४. हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातले. आणि एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘बॅड कोलेस्टेरॉल’ म्हणतो, त्याची जागा चक्क रिकामी! खाली बारीक अक्षरात शेरा : नमुना दुधाळ होता.

ट्रायग्लिसराइड्स १५०च्या आत असले की ठीक. १५० ते १९९ म्हणजे काठावर, २०० ते ४९९ म्हणजे जास्त, आणि ५०० किंवा वर म्हणजे खूप जास्त. आपला हा दोस्त ‘खूप जास्त’च्याही दुप्पट पुढे निघून गेला होता.

एलडीएल गायब कसं झालं? बऱ्याच लॅब ते मोजत नाहीत, गणित करून काढतात. हे गणित १९७२ सालचं आहे, फ्रीडवाल्ड यांचं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करायचा. आता आपल्या केसमध्ये करून बघा. ११८० भागिले ५ म्हणजे २३६. मग २६२ वजा ३४ वजा २३६. उत्तर येतं उणे ८! शरीरात उणे कोलेस्टेरॉल असूच शकत नाही. म्हणूनच ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर गेले की हे सूत्र वापरायचं नाही, असा नियम आहे. अशा वेळी एलडीएलची जागा रिकामी दिसली तर लॅबने घोळ घातला असं समजू नका, लॅब प्रामाणिक आहे. उलट अशा रिपोर्टवर एलडीएल झकास कमी आलंय म्हणून खूश होऊ नका.

दोन गाड्या, एक टोलनाका

ट्रायग्लिसराइड म्हणजे साधी चरबीच. तेल, तूप, लोणी यांत असते तीच. तेल पाण्यात मिसळत नाही तशी ती रक्तातही मिसळत नाही. म्हणून शरीर ती छोट्या छोट्या गाड्यांत भरून पाठवतं. गाड्या दोन प्रकारच्या. पहिली आतड्यातून निघते, आपण खाल्लेली चरबी घेऊन. तिचं नाव कायलोमायक्रॉन. दुसरी लिव्हरमधून निघते, लिव्हरने स्वतः बनवलेली चरबी घेऊन. तिचं नाव व्हीएलडीएल.

दोन्ही गाड्यांचा माल एकच एन्झाइम उतरवतं, लायपोप्रोटीन लायपेज. हा समजा टोलनाका. नेहमीच्या दिवशी आतड्याच्या गाड्या दहा-बारा तासांत रिकाम्या होऊन निघून जातात. पण लिव्हरच्या गाड्यांनी नाका आधीच भरलेला असेल, तर? रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेस-वेवर काय होतं ते आठवा. नाक्याची क्षमता संपली की मागून येणारी प्रत्येक गाडी रांगेत भर घालते. ट्रायग्लिसराइड्स साधारण ५०० ते ७००च्या पुढे गेले की शरीरात हेच होतं. म्हणून त्याच बिर्याणीने मित्राचा आकडा थोडासा वाढतो आणि तुमचा शेकड्यांनी. बिर्याणी तीच होती. फरक तिच्याआधी नाक्यावर किती गर्दी होती, याचा.

दोस्ताचं रक्त दुधाळ दिसलं ते याच रांगेमुळे. असा नमुना रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि वर सायीसारखा थर जमला, तर त्या आतड्याच्या गाड्या. थर न जमता सगळंच गढूळ राहिलं, तर लिव्हरच्या. दोन्ही दिसलं, तर नाका पूर्ण जाम!

फास्टिंग म्हणजे एकादशी नव्हे

आता पहिला कलाकार, उपाशीपोट. लॅबच्या भाषेत फास्टिंग म्हणजे दहा ते बारा तास पाण्याशिवाय काहीही नाही. आपल्याकडे ‘उपास’ म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट, बटाटा आणि वर तूप. एकादशी नि दुप्पट खाशी! हा उपास लॅबला चालत नाही. सकाळी ‘फक्त अर्धा कप’ घेतलेला साखर-दुधाचा चहाही चालत नाही. पाणी मात्र जरूर प्या. आणि जास्त खरा आकडा यावा म्हणून सोळा-अठरा तास उपाशी राहण्याचीही गरज नाही.

निरोगी माणसाने नेहमीचं जेवण करून रक्त दिलं तर आकडा सरासरी २५-३०ने वाढतो, फार नाही. म्हणूनच २०१६मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की रुटीन लिपिड प्रोफाइलला उपाशी राहायलाच हवं असं नाही. पण त्यांचीही एक अट होती. न उपाशी घेतलेल्या नमुन्यात आकडा ४४०च्या वर गेला, तर पुन्हा उपाशीपोटी तपासणीचा विचार करावा.

याचा अर्थ सरळ आहे. १६०चा १९० झाला तर तो जेवणाचा खेळ असू शकतो. नाहीतरी हा आकडा एकाच माणसात, काहीही न बदलता, वीसेक टक्के वरखाली होतच असतो. पण ११८० आला तर ‘नऊच तास झाले होते ना’ हे कारण पुरत नाही. राहिलेल्या तीन तासांत थोडा उतरला असता, पण १५० काही झाला नसता.

पेगचं गणित

दुसरा कलाकार दारू. ‘मी हार्ड नाही घेत, फक्त बिअर’ हा डायलॉग प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. मोजून बघू. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत साधारण ४१ ग्रॅम. म्हणजे ‘फक्त एक बिअर’ ही चार पेगांच्या बरोबरीची. दोस्ताचा शनिवार ८२ ग्रॅमचा होता, रविवार ४० ग्रॅमचा.

लिव्हरला अल्कोहोल साठवता येत नाही, म्हणून ते आधी त्याच्यामागे लागतं. तोवर चरबी जाळण्याचं रोजचं काम बाजूला पडतं. न जळलेली चरबी लिव्हर ट्रायग्लिसराइडमध्ये बांधतं आणि व्हीएलडीएलच्या गाड्यांत भरून बाहेर पाठवतं. त्यात सोबत तंदुरी आणि फ्राइज असले की आतड्याच्या गाड्याही त्याच वेळी निघतात. नाक्यावर दोन्हीकडून गर्दी! म्हणून नुसती दारू किंवा नुसतं तेलकट, यापेक्षा दोघांची जोडी जास्त नडते. आणि अपेयपान व चकणा यांची ताटातूट आपल्याकडे कधी झालीय का?

हा परिणाम एका रात्रीत धुऊन निघत नाही. रविवारी रात्री पिऊन सोमवारी सकाळी रक्त देताना पोट रिकामं असलं, तरी लिव्हर अजून पार्टीतच असतं. म्हणून तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस दारू नको, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. एक सूचना मात्र हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं, अगदी फिट येणंही शक्य असतं. त्याने डॉक्टरांना सांगूनच सोडावी.

‘मी तर तळलेलं खातच नाही!’

तिसरा कलाकार सगळ्यात सोज्वळ दिसतो. साखर. पार्टीच काय, चकणाही न करणाऱ्या कितीतरी मुलामुलींचे ट्रायग्लिसराइड्स ३००-४०० येतात आणि त्यांना कोडं पडतं. तेल बंद, तूप बंद, मग चरबी आली कुठून?

लिव्हरने बनवली. आपल्या साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा. ग्लुकोज शरीरभर वापरलं जातं, पण फ्रुक्टोजचा मोठा भार लिव्हरवर पडतो आणि जास्तीच्या फ्रुक्टोजपासून ते चरबी तयार करतं. ती पुन्हा त्याच व्हीएलडीएलच्या गाड्यांत. थोडक्यात, तुम्ही गोड खाल्लं आणि रक्तात तूप सापडलं!

दोस्ताचा रोजचा हिशेब असा. मशीनचा चहा पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४५ ग्रॅमच्या आसपास. जेवणासोबत ३०० मिलीचं एक कोल्ड्रिंक, त्यात ३२ ग्रॅमच्या आसपास. बेरीज ७७. गुलाबजाम आणि बिस्किटं अजून धरलेलीच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये घालून दिलेली मर्यादा २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅमची आहे, आणि शक्य तर २५.

इथे ‘हेल्दी’ पर्याय फसवतात. हल्ली चौकाचौकात गुळाचा चहा मिळतो, पण गुळातही मुख्यतः तीच साखर असते. मधात फ्रुक्टोज मोकळंच असतं. गाळलेल्या ज्यूसमध्ये तीन-चार फळांची साखर एका घोटात जाते. एक अख्खं संत्रं खाणं आणि चार संत्र्यांचा रस पिणं, लिव्हरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दारू आणि साखरेत एक फरक लक्षात ठेवा. दारूचा धक्का दिवसांत चढतो आणि दिवसांत उतरू लागतो. साखरेची सवय हळूहळू पाया वर उचलते आणि तो खाली यायला आठवडे लागतात. आदल्या दिवशी गोड सोडून रिपोर्ट सुधारत नाही.

दुसरा रिपोर्ट, तिसरा रिपोर्ट

आता केस पुढे नेऊ. डॉक्टरांनी ११८० बघून दोन गोष्टी केल्या. वर्षभर वाट न बघता त्याच आठवड्यात पुन्हा तपासणी सांगितली. आणि सोबत एचबीएवनसी, थायरॉइड, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या लिहून दिल्या. कारण न सापडलेला डायबेटिस, सुस्त थायरॉइड, किडनीचा आजार, स्टेरॉइडसारखी काही औषधं किंवा घराण्यातला दोष, यांपैकी काहीही असा आकडा वर नेऊ शकतं. वीकएण्डवर सगळं ढकलून दिलं की ही कारणं लपून राहतात.

चार दिवस दारू बंद, तळलेलं बंद, गुरुवारी रात्री आठला वरण, पोळी, भाजी, आणि शुक्रवारी सकाळी आठला रक्त. आकडा आला ६१०. तीन आठवडे दारू पूर्ण बंद, चहा बिनसाखरेचा, कोल्ड्रिंक बंद, जेवणात तेल कमी. आकडा आला २९०. एकूण कोलेस्टेरॉल २१४, एचडीएल ३७. आता फ्रीडवाल्डचं गणितही जमलं : २१४ वजा ३७ वजा ५८, म्हणजे एलडीएल ११९.

११८० ते ६१० हा उतार वीकएण्डचा. ६१० ते २९० हा मुख्यतः रोजच्या साखरेचा आणि सलग बंद राहिलेल्या दारूचा. आणि उरलेले २९०? ते पोटाचे, घराण्याचे आणि एचबीएवनसी ६.०चे, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्याचे. हा आकडा पथ्याच्या तीन आठवड्यांत जात नाही. त्याला वजन उतरवावं लागतं. वजन पाच-दहा टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड्स साधारण वीस टक्क्यांनी खाली येतात.

प्रत्येकाचा उतार असाच असेल असं नाही. नीट उपाशी राहून, दारू-साखर बंद ठेवूनही आकडा ५००च्या वरच राहिला, तर औषधांचा विषय निघतो. फेनोफायब्रेट किंवा प्रिस्क्रिप्शनचं ओमेगा-३, जे डॉक्टर ठरवतील ते. आणि आकडा हजाराच्या आसपास असेपर्यंत पथ्यही वेगळं असतं. तेव्हा नुसतं गोड आणि दारू सोडून भागत नाही. घरचं तूप, ऑलिव्ह ऑइल, बदाम, शेंगदाणे, सगळीच चरबी अगदी कमी करावी लागते, कारण नाका जाम असताना चांगल्या तेलाची गाडीही गाडीच असते.

रिपोर्टला फसवाल, स्वादुपिंडाला नाही

२५०-३००च्या आकड्याची चिंता मुख्यतः हृदयाची आणि लांबच्या वर्षांची. हजारापुढच्या आकड्याची चिंता आजच्या रात्रीची. आकडा ५००च्या पुढे चढत गेला तसा धोका वाढतो आणि हजाराच्या पुढे तो ठळक होतो. स्वादुपिंड, म्हणजे पँक्रिया, चरबी पचवणारं एन्झाइम बनवतं. रक्तात चरबीची इतकी गर्दी झाली की हे एन्झाइम तिथेच कामाला लागतं. त्यातून सुटणारी फॅटी अॅसिड्स स्वादुपिंडालाच जाळतात. हा अॅक्यूट पँक्रियाटायटिस. पित्ताशयातले खडे आणि दारू यांच्यानंतर त्याचं हे प्रमुख कारण मानलं जातं.

तो ओळखायचा कसा? पोटाच्या वरच्या भागात अचानक जोरदार, न थांबणारी कळ, बहुतेकदा पाठीत जाणारी. पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. सोबत उलट्या. बरेच जण याला अॅसिडिटी समजून अँटासिड पीत रात्र काढतात. ट्रायग्लिसराइड्स जास्त आहेत हे माहीत असेल तर असं करू नका. सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि तिथल्या डॉक्टरांना तो आकडा सांगा. दुधाळ रक्तात काही तपासण्या फसतात. स्वादुपिंडाची सूज दाखवणारं अमायलेजसुद्धा नॉर्मल येऊ शकतं.

आता तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यात हुशार माणसाची युक्ती. तो वर्षभर हवं ते करतो, चेकअपचा मेल आला की एक आठवडा दारू बंद, डिनरला सूप, आणि रिपोर्ट येतो साडेतीनशे. एचआर खूश, तोही खूश. पण त्याच्या स्वादुपिंडाचा संबंध त्या शुक्रवारच्या साडेतीनशेशी नाहीच. त्याचा संबंध प्रत्येक शनिवारी रात्री हजारावर जाणाऱ्या आकड्याशी आहे, आणि त्या वेळी कुणी सुई टोचत नाही.

म्हणून तपासणी नीट नियम पाळूनच करा, म्हणजे पाया कळेल. पण डॉक्टरांसमोर बसलात की वीकएण्डचं खरं खरं सांगा. किती बाटल्या, किती चमचे, शेवटचा घास किती वाजता. एखाद्या सोमवारी आकडा हजारावर आलाच, तर तो फाडून टाकू नका. वर्षभरातल्या बावन्न शनिवारांचा एवढा प्रामाणिक फोटो दुसरीकडे मिळणार नाही!